मामांना हायडेलबर्गला उपचाराला न्यायचंय, पण फार वेळ बसता येत नाही. विमानाचं तिकीट कसं काढावं?

रेश्मा_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. इथे परदेशी उपचारांना जाऊन आलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतेय.

माझे मामा, वय 61. कमरेखाली माकडहाडाच्या वरच्या हाडात कॉर्डोमा नावाची गाठ आहे. हळू वाढणारी आणि दुर्मिळ. ऑपरेशन केलं तर लघवी-शौचाच्या नसा जाण्याची भीती आहे, म्हणून डॉक्टरांनी कार्बन आयन रेडिएशनचा पर्याय सुचवला. तशी मशीन भारतात नाही. जर्मनीत हायडेलबर्गला आहे, तिथे रिपोर्ट पाठवले, त्यांनी केस स्वीकारली आणि खर्चाचा अंदाज आला. आगाऊ रक्कम भरली की ते तारीख आणि व्हिसासाठी पत्र देणार. आधी प्लॅनिंगचे स्कॅन, मग थोडी वाट, मग 16 डोस. सगळं मिळून सहा-सात आठवडे लागतील असं सांगितलंय, पण मागेपुढे होऊ शकतं.

अडचण अशी की मामांना बसवत नाही. मऊ उशी घेऊन फार तर चाळीस मिनिटं, मग उभं राहावं लागतं किंवा कुशीवर पडावं लागतं. काठी घेऊन चालतात, जिना चढवत नाही.

सोबत कोण जाणार तेही ठरेना. मामेभावाला तीनच आठवड्यांची रजा आहे. मामींना शेवटपर्यंत राहायचंय, पण त्यांचे गुडघे धड नाहीत आणि त्या कधी विमानात बसलेल्या नाहीत. बिझनेस क्लास परवडेल का, परतीची तारीख काय टाकायची, तिकीट आधी की व्हिसा आधी, काहीच कळेना.

कुमठेनाका

बिझनेसला एवढे पैसे कशाला घालता? इकॉनॉमीत शेजारच्या तीन सीट मामांच्या नावाने घ्या. मधले हात वर केले की आडवं होता येतं. आमच्या साहेबांनी असंच केलं होतं. आणि कॅन्सर पेशंटला रेल्वेत सवलत असते, दोघांना मुंबईपर्यंत जवळजवळ फुकट जाता येईल, ते विसरू नका.

मधला_मारुती

आम्ही वडिलांना सिंगापूरला नेलं होतं, लिव्हरसाठी. मुंबईहून थेट विमान, साडेपाच तासांत पोचलो. व्हीलचेअर मागितली, मुलगा येऊन घेऊन गेला, रांगेत उभंच राहावं लागलं नाही. एवढं टेन्शन घेण्यासारखं काही नसतं हो. जेवणाचं मात्र आधी सांगा, वडिलांना कमी मिठाचं मिळालं नाही.

आणि खारघरला टाटाचं प्रोटॉन सुरू झालंय की, तिथे का नाही विचारलं?

रेश्मा_जुळेसोलापूर

विचारलं होतं. कुठे जायचं ते आमचं आणि डॉक्टरांचं ठरून झालंय, त्यावर इथे पुन्हा नको. मला प्रवासाचंच विचारायचंय.

दत्ता_चाटीगल्ली

बरीच वर्षं तिकिटिंगमध्ये होतो, आता बंद केलंय, त्यामुळे धंद्यासाठी सांगत नाही.

आधी तीन सीटचं बघू. इकॉनॉमीची सीट साधारण 17-18 इंच रुंद. तीन मिळून साडेचार फूट. मामा काही साडेचार फुटांचे नसतील. पाय दुमडून कुशीवर झोपतील कदाचित, पण बेल्टचा दिवा लागला की उठून सरळ बसावं लागणार. शिवाय मधला हात सगळ्याच रांगांत वर होत नाही. पहिल्या रांगेत तर टेबल हातातच असतं, तो हलतच नाही.

आता मुख्य गोष्ट. बिझनेसची सपाट सीट घेतली तरी विमान हलायला लागल्यापासून वर जाऊन स्थिर होईपर्यंत आणि उतरताना पाठ सरळ ठेवूनच बसावं लागतं. मुंबईत रात्री धावपट्टीच्या रांगेत विमान थांबलं तर हीच वेळ चाळीस मिनिटांवर जाते. म्हणजे मामांची जी मर्यादा तुम्ही सांगताय, बरोबर तिथेच. एवढंही जमणार नसेल तर स्ट्रेचर लागेल. काही कंपन्या इकॉनॉमीच्या रांगांवर स्ट्रेचर बसवून देतात, त्यात अनेक सीटांचं भाडं आणि सोबत माणूस सक्तीचा. पण काठी घेऊन चालणाऱ्याला त्याची गरज पडू नये.

म्हणून तिकिटाच्या आधी घरी एक करा. साध्या कडक खुर्चीवर, तीच उशी घेऊन, पाठ सरळ, पोटावर पट्टा बांधून मामांना बसवा आणि घड्याळ लावा. दुखण्याची गोळी किती वाजता दिली तेही लिहा. डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ पुढेमागे करून परत बघा. तिकीट कुठलं घ्यायचं ते हा आकडा ठरवेल.

स्मिता_मानहाइम

मी हायडेलबर्गच्या शेजारीच राहते, माहेर अक्कलकोट रोड. दत्ताजींचं अगदी बरोबर. पण मला वाटतं विमानापेक्षा जमिनीवरचं बसणं जास्त आहे, ते कुणी मोजत नाही.

व्हीलचेअर म्हणजेसुद्धा बसणंच ना. मुंबईत चेक-इन, इमिग्रेशन, सिक्युरिटी, मग गेटवर थांबणं, यात दोन-तीन तास सहज जातात. आणि व्हीलचेअरवाल्यांना विमानात सगळ्यात आधी चढवतात. इतरांना ती सोय वाटते, पण मामांसाठी ती आणखी अर्धा-पाऊण तासाची शिक्षा. गेटवर सांगून शेवटी चढवायची विनंती करा, बहुतेक ऐकतात. बिझनेस असेल तर दार बंद होईपर्यंत सीट मागे टाकून पडता येतं, हाही एक फायदा.

फ्रँकफर्टला उतरल्यावर चालणं खूप आहे, तिथे व्हीलचेअर हवीच. तिथून हायडेलबर्ग साधारण 85 किलोमीटर, गाडीने तासभर. मागच्या सीटवर आडवं होता येईल अशी गाडी आधी ठरवून ठेवा.

रेश्मा_जुळेसोलापूर

हे डोक्यातच आलं नव्हतं. मग सोलापूर-मुंबईच सगळ्यात वाईट की! गाडीने चारशे किलोमीटर, सात-आठ तास. वंदे भारतही बसूनच.

अनिकेत_होटगी

विमानाने जा ना मुंबईला. होटगी रोडच्या विमानतळावरून आता उड्डाणं आहेत, तासाभराचा प्रवास.

दत्ता_चाटीगल्ली

तासभर हवेत, पण विमानतळावर आधी पोचणं, मुंबईत उतरणं, बॅगा, सगळं धरून बसणं वाढतं. विमान लहान, आत सपाट काही नाही, आणि चढायला जिना. जिना जमत नसेल तर उचलून नेण्याची सोय त्या दिवशी आहे का ते आधी लेखी विचारा. शिवाय ते तिकीट वेगळं. सोलापूरचं विमान रद्द झालं आणि पुढचं चुकलं, तर पुढची कंपनी तुम्हाला ओळखही दाखवणार नाही.

यांच्यासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेस. रात्री निघते, सकाळी मुंबईत, पूर्ण वेळ आडवं. फर्स्ट एसी नाहीतर सेकंड एसीचा खालचा बर्थ बघा. युरोपची थेट विमानं बहुतेक मध्यरात्रीनंतर सुटतात, म्हणजे दिवसभर विमानतळाजवळ खोली घेऊन पडून राहता येईल. एक रात्र जास्त धरली तर आणखी बरं, गाडी उशिरा आली तरी जीव टांगणीला लागत नाही.

कुमठेनाका यांनी सवलतीचं सांगितलं, ती आहे हे खरं. पण ती उपचारासाठी किंवा तपासणीसाठी हॉस्पिटलच्या गावाला जाण्या-येण्याची. ठरलेल्या नमुन्यात हॉस्पिटलचं प्रमाणपत्र लागतं. विमान पकडायला मुंबईला जाणं त्यात बसवायला जाऊ नका.

कुमठेनाका

मुंबईतही मोठी हॉस्पिटलं आहेत की. तिथली तपासणी दाखवायची.

दत्ता_चाटीगल्ली

तपासणी खरंच असेल तर दाखवा. एवढ्या मोठ्या खर्चात तेवढ्यासाठी खोटं कशाला?

डॉक्टरीणबाई

मी फॅमिली फिजिशियन आहे, कॅन्सरतज्ज्ञ नाही, त्यामुळे कागदांपुरतं बोलते.

विमान कंपनीचा मेडिफ फॉर्म असतो. एक भाग प्रवाशाचा, एक उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. नुसती व्हीलचेअर हवी असेल तर सहसा लागत नाही, पण बसण्याची अडचण आहे म्हटल्यावर भराच. डॉक्टरांनी त्यात ‘फिट टू फ्लाय’ एवढंच लिहून चालत नाही. बसण्याची मर्यादा किती, शौचाला मदत लागते का, दुखण्यावर काय औषध, सोबतचा माणूस काय काय करणार, हे स्पष्ट हवं. केबिन क्रू जेवण आणून देतील, पण भरवणार नाहीत की शौचालयात मदत करणार नाहीत. त्यामुळे मामी गेल्या तर मामांना उठवायला त्यांचे गुडघे साथ देतील का, हा प्रश्न आधी घरात सोडवा.

औषधं. मॉर्फिन, फेंटानिलचे पॅच किंवा ट्रॅमाडॉल चालू असेल तर इंग्रजीत पत्र घ्या. औषधाचं मूळ नाव, डोस, दिवसाला किती, एकूण किती बरोबर नेताय. आपली ब्रँडची नावं तिथे कुणाला कळत नाहीत. ट्रॅमाडॉलसुद्धा 2018 पासून आपल्याकडे अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात आलंय, त्यामुळे साधी गोळी समजून पुड्यांत बांधून नेऊ नका. मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत.

आणखी एक. कॅन्सर आणि लांब प्रवास म्हणजे पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त. पायमोजे पुरतील की इंजेक्शन लागेल ते तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारा, मनाने काही घेऊ नका.

रेश्मा_जुळेसोलापूर

मामांना ट्रॅमाडॉलच आहे. पत्र घेते.

पण मेडिफ भरायला पीएनआर लागतो म्हणे, आणि व्हिसाच्या आधी तिकीट काढू नका असं सगळे सांगतात. मग?

दत्ता_चाटीगल्ली

इथेच लोक अडकतात. क्रम असा धरा. हॉस्पिटलला आगाऊ रक्कम, मग त्यांचं तारखेचं पत्र. त्या पत्रावर व्हिसाचा अर्ज. अर्जाला विमानाचं आरक्षण दाखवावं लागतं, पैसे भरलेलं तिकीट नव्हे. एजंट आरक्षण करून देतो. व्हिसा हातात आला की तिकीट, आणि तिकीट निघाल्या दिवशीच मेडिफ विमान कंपनीच्या मेडिकल डेस्कला. बहुतेक कंपन्या किमान 48 तास आधी मागतात, पण तुमच्या केसमध्ये ते उलट प्रश्न विचारणार, म्हणून आठ-दहा दिवस हातात ठेवा. फार आधीही नको, डॉक्टरांची सही ताजी लागते. मेडिफ नाकारला गेला तर पैसे परत मिळतील का, हे तिकीट काढण्याआधी भाड्याच्या नियमात वाचा.

स्वस्तातलं भाडं इथे महाग पडतं. परतीची तारीख बदलणार हे आत्ताच माहीत आहे, तर बदलता येणारं भाडं घ्या. मात्र ‘बदल मोफत’ म्हणजे दंड नाही एवढंच, भाड्यातला फरक भरावाच लागतो. त्या दिवशी बिझनेसचा स्वस्त वर्ग संपलेला असेल तर हा फरक मोठा असतो.

स्मिता_मानहाइम

यात व्हिसाचा एक पेच आहे, तो फार कमी लोकांना माहीत असतो. जर्मनीला जायला जो शेंगेन व्हिसा मिळतो, त्यावर किती दिवस राहायचं तो आकडा छापलेला असतो. 180 दिवसांत जास्तीत जास्त 90, पण तुम्हाला 90 च मिळतील असं नाही. तुम्ही दाखवलेल्या प्रवासाप्रमाणे देतात. समजा सहा आठवड्यांचं आरक्षण दाखवलं आणि 45 दिवस मिळाले, आणि उपचार लांबले, तर बदलता येणारं तिकीट असूनही काही उपयोग नाही. व्हिसावर तारखांची खिडकी थोडी रुंद दिसते, पण राहायचे दिवस त्या आकड्याएवढेच.

म्हणून हॉस्पिटलला पत्रात सगळ्यात लांबचा कालावधी लिहायला सांगा, त्याप्रमाणे परतीचं आरक्षण लांबच्या तारखेचं दाखवा. उपचार लवकर संपले तर तारीख अलीकडे आणता येते, पलीकडे नेताना व्हिसा आडवा येतो. इथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत मुदतवाढ मागता येते, पण नीट कारण आणि कागद लागतात. त्यावर विसंबून निघू नका.

पत्रात दोन्ही सोबत्यांची नावं पासपोर्टप्रमाणे येऊ देत, मामेभावाचं आणि मामींचंही.

रेश्मा_जुळेसोलापूर

म्हणजे आधी भाऊ आणि नंतर मामी, असं चालेल? मला वाटलं एकच माणूस लागतो.

दत्ता_चाटीगल्ली

चालेल, पण तिकीट विचाराने काढावं लागेल. मी असतो तर असं केलं असतं.

जाताना मामा आणि भाऊ एकाच पीएनआरवर. विमान रद्द झालं तर दोघांना एकत्रच दुसरीकडे टाकतात. पुढे एक पीएनआर दोन करता येतो, भावाला एकट्याला आधी परत यायचं तेव्हा तो वेगळा काढून घ्यायचा. दोन वेगळे पीएनआर नंतर एक करणं मात्र होत नाही, फार तर एकमेकांचा उल्लेख टाकून घेतात.

मामींचं तिकीट वेगळं. त्यांचा परतीचा प्रवास मामांच्याच विमानात, आणि दोन्हीकडे उल्लेख टाकायला लावायचा. मामांची तारीख बदलली की मामींची आपोआप बदलत नाही, हे लक्षात ठेवा. परतीच्या वेळी मेडिफ पुन्हा भरायचा, त्यात सोबती म्हणून मामींचं नाव.

आता मामा बिझनेसमध्ये आणि सोबती इकॉनॉमीत, असं पैसे वाचवायला बरेच जण विचारतात. वेगळ्या क्लासचे दोघे सहसा एका पीएनआरवर येत नाहीत, आणि सोबती शेजारी हवा असं मेडिकल डेस्कने लिहिलं तर ते चालतही नाही. मामांना शौचाला स्वतः जाता येतं का, त्यावर ठरेल.

व्हीलचेअरचा कोड तिकिटावर तपासा. जिना चढता येत नाही पण सीटपर्यंत चालतात, म्हणजे `WCHS`. एजंट घाईत `WCHR` टाकतात, त्याचा अर्थ जिना जमतो असा होतो, आणि विमान दूर उभं करून बसने नेलं की पंचाईत.

अनिकेत_होटगी

दुबई-दोहामार्गे बिझनेस बरंच स्वस्त दिसतंय. तिथे लाउंजमध्ये झोपायलाही मिळतं.

स्मिता_मानहाइम

पण चढणं-उतरणं दोनदा, म्हणजे सरळ पाठीने बसणं चार वेळा. मधे मध्यरात्री टर्मिनलभर व्हीलचेअर. मी थेटच घेईन.

मधला_मारुती

इन्शुरन्स काढा म्हणजे झालं. रद्द झालं तरी पैसे परत.

दत्ता_चाटीगल्ली

शेंगेन व्हिसाला 30,000 युरोचा प्रवास विमा लागतोच. पण ठरवून चाललेला उपचार त्यात येत नाही, आणि आधीपासूनच्या आजारामुळे प्रवास रद्द झाला तरी साध्या पॉलिसीत सहसा नाही. त्यांच्यासाठी तो व्हिसाचा कागद समजा. रद्द करण्याची खरी सोय तिकिटाच्या भाड्यातच विकत घ्यावी लागणार.

रेश्मा_जुळेसोलापूर

मंडळी, थोडं पुढे सरकलं.

दत्ताजींनी सांगितल्याप्रमाणे मामांना खुर्चीत बसवून बघितलं. गोळीनंतर तासाभराने बसवलं तर पन्नास मिनिटं निघाली. गोळी उतरत आलेली असताना पंचवीससुद्धा नाही. डॉक्टरांनी उड्डाणाच्या वेळेप्रमाणे डोस सरकवायला होकार दिलाय.

हॉस्पिटलने पत्र बदलून दिलं, दहा आठवड्यांपर्यंत असं लिहिलं, दोघांची नावंही घातली. व्हिसाला पुण्याला जायचंय, बोटांचे ठसे द्यायला मामांना स्वतः जावंच लागेल म्हणे. तिथेही बसणं आलंच.

एक घोळ घरातच आहे. जाताना बिझनेस आणि येताना इकॉनॉमी, असं मोठे मामा म्हणताहेत. येताना बरे झालेले असतील, मग पैसे कशाला, असं त्यांचं म्हणणं.

डॉक्टरीणबाई

रेडिएशनचा परिणाम शेवटचा डोस झाला की लगेच थांबत नाही. त्वचेची जळजळ उपचार संपताना आणि नंतरचे एक-दोन आठवडे जास्त असू शकते, आणि इथे ती जागा नेमकी बसण्याचीच. गाठही लगेच कमी होत नाही. येताना जाताना होते तसेच असतील, किंवा जास्त अवघडलेले. एकच बाजू बिझनेस परवडत असेल तर निदान हे ऐकून ठरवा. उपचार संपल्यावर तिथेच आठवडाभर थांबता आलं तर बघा, परतीच्या तारखेत ते धरा.

दत्ता_चाटीगल्ली

आणि परतीला मामी सोबत असणार, त्यांना मामांना उचलता येत नाही. जास्त मदत लागेल त्या फेरीला कमी ताकदीचा सोबती, हे मला पटत नाही. भावाने रजेचे तीन आठवडे शेवटी घ्यावेत आणि जाताना दुसरं कुणी जावं.

रेश्मा_जुळेसोलापूर

मामी म्हणतात पहिल्या दिवसापासून मीच जाणार. जर्मनीत भाषा येत नाही, फोन लावता येत नाही, तरी.

स्मिता_मानहाइम

येऊ देत. मी इथेच आहे, पहिले काही दिवस मी आणेन-नेईन. फ्रँकफर्टला घ्यायलाही येते, माझ्या गाडीची मागची सीट आडवी होते. भाऊ मग शेवटच्या तीन आठवड्यांत.

रेश्मा_जुळेसोलापूर

स्मिताताई, व्यक्तिगत निरोप करते. पण मग मुंबई ते फ्रँकफर्ट मामांना सोबत मामींचीच. मेडिफमध्ये सोबती शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे का असं विचारलंय, त्यापुढे काय लिहायचं?

डॉक्टरीणबाई

खरं तेच लिहायचं. मामा स्वतः शौचालयात जातात, उठायला हात लागतो, तेवढा मामी देऊ शकतात का ते आधी घरी करून बघा. नसेल जमत तर फॉर्मवर हो लिहून विमानात काही उपयोग होणार नाही.

कुमठेनाका

सिद्धेश्वरचं फर्स्ट एसी बघितलं का? आत्ताच वेटिंग दाखवतंय त्या आठवड्यात.

रेश्मा_जुळेसोलापूर

व्हिसाच आला नाही अजून, तारीख कुठली टाकू? सेकंड एसीत खालचे दोन मिळतात का बघते, वेगवेगळ्या तारखांची दोन काढून ठेवावीत म्हणते. एक रद्द करायला परवडेल.